साठ लाखांचे भाडे की पन्नास लाखांचे यंत्र: एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

सुटे भाग कातून देणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याला संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी यंत्र हवे होते. यंत्राची किंमत बसवणुकीसह ५० लाख होती. तेच यंत्र एका भाडेकंपनीकडून पाच वर्षांसाठी घेण्याचाही प्रस्ताव आला होता. त्यात दरवर्षी १२ लाख भाडे वर्षाच्या सुरुवातीलाच भरायचे होते, देखभाल भाडेकंपनीकडे राहणार होती आणि पाच वर्षांनी यंत्र परत द्यायचे होते. माझ्याकडे हे प्रकरण आले तेव्हा कारखान्यात दोन मते आधीच पक्की झालेली होती.

मालकांचे मत साधे होते. पाच वर्षांत ६० लाख भाडे भरून शेवटी हातात काहीच उरणार नाही. उलट ५० लाखांना विकत घेतले, दरवर्षी दीड लाख देखभालीला घातले आणि शेवटी यंत्र १० लाखांना विकले, तर एकूण साडेसत्तेचाळीस लाखच जातात. म्हणजे खरेदीत साडेबारा लाख वाचतात. लेखापालांचे मत नेमके उलट होते. त्यांनी कारखान्याच्या नेहमीच्या १४ टक्के दराने दोन्ही बाजूंचे आजचे मूल्य काढले होते आणि त्यांच्या तक्त्यात भाडे पाच लाखांनी स्वस्त पडत होते. "साहेब, आजचा पैसा आणि पाच वर्षांनंतरचा पैसा एका तागडीत कसा तोलायचा?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दोघांचेही चुकले होते, आणि लेखापालांची चूक अधिक सुशिक्षित असल्यामुळे सापडायला अधिक कठीण होती.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला ठेवावी लागली. हे यंत्र घ्यावे की घेऊ नये हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आधी सुटलेला असला पाहिजे. यंत्रावर निघणारे उत्पादन, त्याची विक्री, कारागिरांचे पगार, वीज या सगळ्यांचा हिशेब कारखान्याने १४ टक्के दराने केला होता आणि यंत्र परवडते असे ठरले होते. १४ टक्के दराची जागा तिथेच होती, कारण विक्री होईल की नाही याची जोखीम त्या हिशेबात आहे. विकत घ्या किंवा भाड्याने घ्या, यंत्र तेच आणि त्यावरचे काम तेच. त्यामुळे ते सगळे आकडे दोन्ही पर्यायांत सारखे आहेत आणि तुलनेतून वगळता येतात. उरतो तो फक्त यंत्र ताब्यात घेण्याचा खर्च.

कारखाना नियमित नफ्यात होता आणि त्याला ३० टक्के कर लागत होता. करासाठी घसारा पाच वर्षांत समान हप्त्यांनी, म्हणजे वर्षाला १० लाख मिळेल असे धरले. बँकेचे कर्ज १० टक्क्यांनी उपलब्ध होते.

खरेदीच्या बाजूला आज ५० लाख जातात. घसारा ही रोख रक्कम नव्हे, पण तो करपात्र नफ्यातून वजा होतो म्हणून दरवर्षी ३ लाखांचा कर वाचतो, आणि ती बचत मात्र रोखच असते. देखभालीचे दीड लाख करबचत वजा जाता १.०५ लाख पडतात. म्हणजे दरवर्षाच्या शेवटी निव्वळ १.९५ लाख आत येतात. पाचव्या वर्षाच्या शेवटी यंत्र १० लाखांना विकले तर त्या वेळी पुस्तकी किंमत शून्य असल्यामुळे सगळ्या रकमेवर कर लागतो आणि हातात ७ लाख पडतात. भाड्याच्या बाजूला आज १२ लाख आणि पुढील चार वर्षांच्या शेवटी प्रत्येकी १२ लाख जातात, तर करबचतीचे ३.६ लाख पाचही वर्षांच्या शेवटी येतात. भाडे आधी भरायचे आणि करबचत वर्षअखेरीस मिळायची, हा एका वर्षाचा फरक तक्त्यात वेगळा दाखवावाच लागतो. पाचही हप्ते वर्षाअखेरीस धरले तर या प्रकरणात भाड्याचा खर्च जवळजवळ साडेतीन लाखांनी कमी दिसतो.

आता प्रश्न उरतो तो हे सगळे प्रवाह कोणत्या दराने आजच्या मूल्यात आणायचे, याचा. संपूर्ण प्रकरण या एका प्रश्नावर उभे होते.

लेखापालांचा दर १४ टक्के होता. त्या दराने खरेदीचा खर्च ३९.६७ लाख येतो आणि भाड्याचा ३४.६१ लाख, म्हणून भाडे ५.०६ लाखांनी स्वस्त. पण भाड्याचा हप्ता ही काही धंद्यातली अनिश्चित रक्कम नाही. करारावर सही झाली की तो बँकेच्या हप्त्यासारखाच बांधील असतो; काम असो वा नसो, तो भरावाच लागतो. बँकही कारखान्याची कर्ज फेडण्याची ताकद मोजताना असे हप्ते धरतेच. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांतही हाच विचार आला आहे: २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ नुसार बारा महिन्यांपर्यंतचे आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे भाडे सोडले, तर भाडेकऱ्याला भाडेपट्टा ताळेबंदात देणे म्हणून दाखवावा लागतो. म्हणजे भाड्याने घेणे हे दुसऱ्या नावाने घेतलेले कर्जच आहे, आणि त्याची तुलना कर्जाशीच झाली पाहिजे. कर्जाचे व्याज १० टक्के, त्यावर ३० टक्के करबचत, म्हणजे करोत्तर दर ७ टक्के. बांधील प्रवाहांना हाच दर लावायचा.

७ टक्क्यांनी पाच वर्षे दरवर्षअखेरीस मिळणाऱ्या एकेका रुपयाचे आजचे मूल्य ४.१००२ होते, चार वर्षांचे ३.३८७२, आणि पाच वर्षांनी एकदाच मिळणाऱ्या रुपयाचे ०.७१३०. खरेदीच्या बाजूला ५० वजा (१.९५ गुणिले ४.१००२) वजा (७ गुणिले ०.७१३०), म्हणजे ३७.०१ लाख. भाड्याच्या बाजूला आजचा हप्ता आणि पुढचे चार धरून १२ गुणिले ४.३८७२ म्हणजे ५२.६५, त्यातून करबचतीचे १४.७६ वजा, म्हणजे ३७.८९ लाख. खरेदी सुमारे ८७ हजारांनी स्वस्त. मालकांचे साडेबारा लाख आणि लेखापालांचे पाच लाख, दोन्ही नाहीसे होऊन एक लाखाच्या आतला फरक राहिला.

लेखापालांना हे पटेना. त्यांचे म्हणणे असे की कारखान्याला पैसा १४ टक्क्यांनीच पडतो, मग भाड्यालाच स्वस्त दर का? त्यांना नियम सांगण्यापेक्षा त्यांच्याच दराने एक तक्ता करून दाखवणे मला बरे वाटले.

भाड्याने घेतल्याने खरेदीच्या तुलनेत काय बदलते ते एका ओळीत मांडले. आज ५० लाख द्यावे लागत नाहीत, १२ लाख द्यावे लागतात. म्हणजे आज ३८ लाख हातात राहतात. त्याच्या बदल्यात पहिली चार वर्षे दरवर्षी १०.३५ लाख जास्त जातात (भाड्याचे १२ वजा करबचत ३.६, अधिक खरेदीत मिळाले असते ते १.९५). पाचव्या वर्षाअखेरीस ५.३५ लाख जातात, कारण त्या वेळी विक्रीचे ७ आणि खरेदीचे १.९५ मिळत नाहीत, पण भाड्याची शेवटची करबचत ३.६ मिळते. आता बँकेला विचारायचे: नेमके हेच हप्ते मी तुम्हाला देईन, तर आज मला किती कर्ज द्याल? उत्तर ३८.८७ लाख. पडताळा असा:

| वर्ष | सुरुवातीची बाकी | करोत्तर व्याज | भरलेली रक्कम | शेवटची बाकी |
|---|---|---|---|---|
| १ | ३८.८७ | २.७२ | १०.३५ | ३१.२४ |
| २ | ३१.२४ | २.१९ | १०.३५ | २३.०८ |
| ३ | २३.०८ | १.६२ | १०.३५ | १४.३५ |
| ४ | १४.३५ | १.०० | १०.३५ | ५.०० |
| ५ | ५.०० | ०.३५ | ५.३५ | ०.०० |

तेच हप्ते भरून बँक ३८.८७ लाख देते आणि भाडेकंपनी ३८ लाख देते. फरक ८७ हजारांचा, जो आधीच्या हिशेबातही आला होता. या तक्त्यात १४ टक्के कुठेच आलेले नाहीत आणि यायचे कारणही नाही.

मग लेखापालांच्या दराकडे वळलो. त्यांच्या १४ टक्क्यांनी या कर्जाच्या परतफेडीचे आजचे मूल्य ३२.९४ लाख येते. म्हणजे ३८.८७ लाख हातात घ्यायचे आणि १४ टक्क्यांनी मोजलेले ३२.९४ लाख परत करायचे, निव्वळ ५.९४ लाखांचा 'फायदा'. हा फायदा यंत्रामुळे होत नाही, भाडेकंपनीमुळेही होत नाही. ७ टक्क्यांचे कर्ज १४ टक्क्यांच्या काट्याने तोलले की प्रत्येक कर्ज फायद्याचे दिसते. हेच कर्ज घेऊन यंत्र खरेदी केले असे मांडले, तर १४ टक्के दराने खरेदीचा खर्च ३९.६७ वजा ५.९४, म्हणजे ३३.७३ लाख. भाड्याचा खर्च त्याच दराने ३४.६१. खरेदी पुन्हा ८७ हजारांनीच स्वस्त. लेखापालांनी आकडे दोनदा तपासले आणि मान्य केले. पहिल्या तक्त्यातले पाच लाख आले होते ते एका बाजूला लपलेले कर्ज होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते, एवढ्यामुळे. दोन्ही बाजूंना सारखेच कर्ज ठेवले की दर कोणताही लावा, फरक बदलत नाही.

याच कारणाने खरेदीच्या ओळीत कर्जाचे हप्ते आणि व्याजाची करबचत घालायची नसते. व्याजावरची करबचत ७ टक्के या दरातच आलेली आहे. ती प्रवाहातही घातली तर तीच बचत दोनदा मोजली जाते. ही चूक मी अनेक कागदांवर पाहिली आहे, आणि ती नेहमी खरेदीच्या बाजूने झुकते.

आणखी एक किरकोळ, पण त्रासदायक गोष्ट तक्त्यात सापडली. संगणकावरच्या तक्त्यातले निव्वळ वर्तमान मूल्याचे सूत्र पहिल्या रकमेलाही एक वर्ष पुढची समजते. आजची रक्कम बी स्तंभात आणि पुढच्या पाच वर्षांच्या रकमा सी ते जी स्तंभांत असतील, तर सूत्र असे हवे:

```
=B2+NPV(7%,C2:G2)
```

खरेदीच्या ओळीत हे बरोबर होते, पण भाड्याच्या ओळीत आजचा हप्ताही कंसात गेला होता. त्या एका चुकीने भाडे ७ टक्के दराने अडीच लाखांनी, तर १४ टक्के दराने सव्वाचार लाखांनी स्वस्त दिसते. लेखापालांच्या पहिल्या मसुद्यात भाड्याचा फायदा पाच लाखांहूनही मोठा होता तो यामुळेच. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी स्वतःच ते दुरुस्त केले होते.

आता ७ टक्क्यांच्या हिशेबातली खरी कमकुवत जागा. त्यात यंत्र विकून मिळणारे ७ लाखही ७ टक्क्यांनीच आजच्या मूल्यात आणले होते, जणू ते बँकेच्या हप्त्याइतके निश्चित आहेत. तसे ते नाहीत. भाडे करारात लिहिलेले असते, घसाऱ्याची करबचत कारखाना नफ्यात असेपर्यंत जवळजवळ ठरलेली असते, पण पाच वर्षांनी जुन्या यंत्राला कोण किती देईल हे त्या वेळच्या धंद्यावर अवलंबून असते. शिवाय धंदा मंदावला की कारखान्याचे काम कमी होते आणि जुन्या यंत्रांचा भावही त्याच वेळी पडतो. अशा रकमेला कारखान्याच्या धंद्याचाच दर, म्हणजे १४ टक्के, लावणे योग्य. लेखापालांचा दर चुकीचा नव्हता, फक्त चुकीच्या रकमांना लावला होता.

७ लाखांचे मूल्य ७ टक्क्यांनी ४.९९ येते आणि १४ टक्क्यांनी ३.६४. खरेदीचा खर्च ३७.०१ वरून ३८.३७ होतो आणि भाडे ४८ हजारांनी स्वस्त ठरते. एका रकमेच्या दरातल्या फरकाने निर्णय उलटला. असे झाले की एकच उत्तर देण्यात अर्थ नसतो; उलटा प्रश्न विचारायचा असतो. यंत्र पाच वर्षांनी किती किमतीला विकले गेले तर दोन्ही पर्याय सारखे पडतील? १४ टक्के दराने ते उत्तर करोत्तर ७.९३ लाख, म्हणजे करापूर्वी सुमारे ११.३३ लाख. विक्रीची किंमत खात्रीची मानून ७ टक्के लावले तर हाच आकडा ८.२५ लाखांवर येतो. मालकांचा अंदाज १० लाखांचा होता, म्हणजे बरोबर या दोहोंच्या मध्ये.

आकड्यांपेक्षा आता कराराची कागदपत्रे जास्त बोलणार होती. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर भाडे होते; बाकीचे परिशिष्टात. तिथे दोन अटी सापडल्या. पहिली, २ लाखांची बिनव्याजी अनामत, जी पाच वर्षांनी परत मिळणार. अनामत खर्चात धरली जात नाही म्हणून ती करातही दिसत नाही आणि तक्त्यातही राहून जाते, पण २ लाख पाच वर्षे बिनव्याजी अडकण्याची आजची किंमत ५७ हजार होते. दुसरी अट, मुदत संपल्यावर यंत्र उतरवून भाडेकंपनीच्या गोदामापर्यंत पोचवण्याचा खर्च भाडेकऱ्याचा. तो ५० हजार धरला तर करबचतीनंतर आजचे मूल्य २५ हजार. या दोन अटी मिळून भाड्याचा खर्च ३८.७१ लाखांवर गेला. १४ टक्के दराने मोजलेल्या विक्रीमूल्यासहसुद्धा खरेदी आता ३४ हजारांनी स्वस्त झाली, आणि दोन्ही पर्याय समान करणारी विक्रीची किंमत ११.३३ वरून ९.०६ लाखांवर उतरली.

परत देताना यंत्र 'सामान्य झीज वगळता चांगल्या स्थितीत' असावे, असेही एक वाक्य होते. सामान्य झीज कोण ठरवणार हे त्यात लिहिलेले नव्हते. या वाक्याला आकडा लावला नाही. पण मुख्य धुरी किती तास चालली की ती झीज सामान्य मानायची, हे लेखी घ्यावे असे मालकांना सांगितले. अशा वाक्यांचे पैसे शेवटच्या महिन्यात मागितले जातात.

कराच्या बाजूने एक गोष्ट पाहून मलाही थोडे आश्चर्य वाटले. भाड्याने घेतले तर वर्षाला १२ लाख वजावट, खरेदी केली तर घसारा आणि देखभाल मिळून साडेअकरा लाख. दोन्ही पर्यायांतल्या करबचतीत वर्षाला फक्त १५ हजारांचा फरक. 'भाड्याचा पूर्ण खर्च वजा होतो म्हणून भाडे फायद्याचे' हे नेहमीचे विधान इथे जवळजवळ निरर्थक होते. करामुळे निर्णय हलतो तो वजावटींची वेळ वेगळी असेल तेव्हा. समजा करनियमांत घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, ४० टक्के मिळत असता, तर पहिल्याच वर्षी २० लाखांची वजावट मिळाली असती आणि खरेदी सुमारे ५९ हजारांनी आणखी स्वस्त झाली असती. मात्र त्यासाठी त्या वर्षी तेवढा नफा असावा लागतो. तोट्यातल्या कारखान्याला ही लवकरची वजावट वापरता येत नाही. भाडेकंपनीला ती वापरता येते आणि तिचा काही भाग कमी भाड्याच्या रूपाने ती देऊ शकते. करामुळे भाडे खरोखर स्वस्त पडण्याची वाट बहुतेक हीच असते. दोघांचा करदर सारखा आणि दोघेही नफ्यात असतील, तर एकाची करबचत दुसऱ्याचा कर असतो आणि देवाणघेवाणीत उरत काही नाही. भाडेकऱ्याचा करदर शून्याच्या जवळ असेल तर आजच्या मूल्यात आणण्याचा दरही ७ नव्हे, पूर्ण १० टक्केच धरावा लागतो, कारण व्याजावरची करबचतही त्याला मिळणार नसते.

या टप्प्याला मालकांनी असा प्रश्न विचारला जो मी आधीच विचारायला हवा होता. "पाच वर्षांनी मी यंत्र विकणार आहे असे तुम्हाला कोणी सांगितले?" त्यांच्याकडची आधीची दोन यंत्रे आठ-नऊ वर्षे चालली होती. पाच वर्षे ही भाडेकराराची मुदत होती, कारखान्याच्या गरजेची नव्हे. भाड्याने घेतले असते तर पाच वर्षांनी पुढच्या तीन वर्षांसाठी दुसरे यंत्र शोधावे लागले असते.

मग विक्रीमूल्याची जागा बदलते. बाजारात यंत्र किती मिळवून देईल यापेक्षा ते नसल्यास त्याच्या जागी तसेच यंत्र आणायला किती पडेल, हा आकडा महत्त्वाचा होतो. जुन्या यंत्रात हे दोन आकडे सारखे नसतात. विकायला गेले तर १० लाख देणारा दलाल तेच यंत्र विकताना १२ मागतो. अर्थात १२ लाखांचे जुने यंत्र घेतले तर त्यावरही घसारा मिळतो, म्हणून पूर्ण १२ लाख वाचले असे म्हणता येत नाही. तीन वर्षांत समान घसारा धरला तर करबचतीचे त्या वेळचे मूल्य ३.१५ लाख होते आणि बदली यंत्राचा निव्वळ खर्च ८.८५ लाख उरतो. दोन्ही पर्याय समान करणारा करोत्तर आकडा आता ६.३४ होता. आधीच्या ७ लाखांचे त्याच्याशी अंतर थोडे होते, ८.८५ चे पुरेसे होते. बसवणूक आणि कारागिरांना नव्या यंत्राची सवय होईपर्यंतचा वाया जाणारा वेळ यात धरलेला नाही. तो धरला असता तर खरेदीची बाजू आणखी भक्कम झाली असती. उलट या यंत्राची नियंत्रण प्रणाली पाच वर्षांत इतकी जुनी होईल की ग्राहक त्यावर केलेले काम घेणारच नाहीत, अशी शंका असती, तर भाडेच बरे ठरले असते. मालकांनी ती शंका विचारपूर्वक नाकारली. ते भाग साधे होते आणि त्यांची मापेही वर्षानुवर्षे तीच होती. हा निर्णय तक्त्यातून येऊ शकत नव्हता.

भाडेकंपनीशी बोलणी करण्यासाठी एक आकडा हवा होता. भाड्यात वर्षाला एक लाख कमी झाले तर आजच्या मूल्यात ३.१६ लाख वाचतात: आगाऊ हप्त्यांचे ४.३९, वजा करबचतीतली घट १.२३. विक्रीमूल्य ७ धरल्यास खरेदी ३४ हजारांनी पुढे होती आणि बदली यंत्राच्या हिशेबाने त्यात आणखी ९६ हजारांची भर पडत होती. एकूण १.३० लाख भरून काढायला भाडे ११.५९ लाखांपर्यंत उतरायला हवे होते. लेखापालांनी भाडेकंपनीला लिहिले तेव्हा कोणताही आकडा सांगितला नाही, फक्त परिशिष्टातल्या दोन्ही अटींची किंमत मांडली. उत्तरात अनामत तशीच ठेवून ११.८५ चा प्रस्ताव आला, दुसऱ्या पत्रात ११.७५ चा. तिसरे पत्र आले नाही. त्याच आठवड्यात कारखान्याने बँकेकडे कर्जाचा अर्ज दिला आणि यंत्राची मागणी नोंदवली.